होडी मोडली, पण संपली नाही

२०२० सालच्या जून महिन्याच्या अखेरीची ही गोष्ट आहे. त्या वेळी आम्ही दिल्लीस सरोजिनीनगरच्या सरकारी वसाहतीत राहत होतो. साथीचे दिवस असल्यामुळे येणेजाणे बेताचेच होते. तरीही एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. वहिनींचे माहेर रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले, समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यातले. ३ जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन धडकले होते, आणि त्यानंतर कित्येक दिवस वहिनींना माहेरच्या माणसांचा आवाजही ऐकू आला नव्हता. विजेचे खांब पडले होते, दूरध्वनी मुके झाले होते. आता कोठे भावाशी बोलणे झाले होते, आणि त्याने वहीच्या एका पानावर लिहिलेल्या अर्जाचे छायाचित्र मोबाइलवर पाठविले होते.

“तुम्ही कचेरीत रोज मसुदे करता,” वहिनी म्हणाल्या, “भावाचा एवढा अर्ज नीट करून द्या. आणि जमल्यास इथल्या मंत्रालयातच देऊन टाका. दिल्लीचे वजन पडले तर काम लवकर होईल.”

मी अर्ज वाचला. त्याचा आशय असा होता : मी गरीब मच्छीमार आहे. ३ जूनच्या वादळात माझ्या होडीचा चुराडा झाला, सर्व काही संपले. घराचे पत्रे उडाले, सुपारीची झाडे पडली. लायसनची मुदत संपली आहे, ती वाढवून मिळावी. मार्च आणि मे महिन्यांच्या डिझेलचे अनुदान मिळालेले नाही, ते ताबडतोब मिळावे, म्हणजे त्यातून इंजिन दुरुस्त करता येईल. होडीची व घराची नुकसानभरपाई मिळावी.

अर्ज करणाऱ्या माणसाची ओळख नसतानाही त्याचे दुःख खरे आहे हे त्या पानावरून कळत होते. परंतु कचेरीतील माणसाच्या नजरेने पाहिले, तेव्हा ध्यानात आले की या अर्जातील वाक्येच एकमेकांच्या मुळावर उठली आहेत. हा अर्ज जसाच्या तसा गेला असता, तर मदत मिळणे दूरच, हाती असलेला परवानाही धोक्यात आला असता. तो अर्ज आम्ही कसा नीट केला ते आज सांगतो. आपल्यापैकी अनेकांचे आप्त किनाऱ्यावर आहेत, आणि अर्ज लिहून देण्याचे काम घरातल्या शिकलेल्या माणसाकडे येतेच.

प्रथम दिल्लीच्या वजनाविषयी. वहिनींना मी सांगितले की मासेमारी हा विषय आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे सोपविला आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात कोणी, कोणत्या नौकेने आणि कोणत्या जाळ्याने मासे धरावेत, हे महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाप्रमाणे ठरते, आणि परवाना देण्याचा अधिकार राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने नेमलेल्या परवाना अधिकाऱ्याला असतो. दिल्लीत मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र विभाग २०१९ पासून आहे, हे खरे. पण श्रीवर्धनच्या एका होडीच्या परवान्यावर तेथे कोणी सही करीत नाही. तेथे दिलेला कागद मुंबईला जाईल, मुंबईहून अलिबागच्या जिल्हा कार्यालयात आणि तेथून तालुक्याला. म्हणजे शेवटी तो ज्या मेजावर पोहोचायचा, ते मेज भावाच्या घरापासून काही मैलांवरच आहे. मधले दोन महिने मात्र प्रवासात जातील. आणि दोन महिने हातात नव्हते. पावसाळ्यातील मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते; १ ऑगस्टला ज्याच्याजवळ चालू परवाना नाही, त्याने इतरांच्या होड्या बाहेर पडताना किनाऱ्यावरून पाहाव्यात.

मग त्या रात्री भावाशी फोनवर बोललो. मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “भाऊ, होडीचा चुराडा झाला म्हणजे नेमके काय झाले?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग सांगू लागला. पावसाळ्यासाठी होडी खाडीच्या काठावर ओढून घेतली होती, पण शाकारायचे काम अर्धेच झाले होते. पाणी चढले तशी ती उचलली गेली आणि शेजारच्या होडीवर आदळली. डाव्या अंगाच्या चार फळ्या फुटल्या. सुकाणू मोडले. इंजिनात खारे पाणी शिरले. दोन जाळी वाहून गेली आणि एक फाटले. नाळ मात्र शाबूत आहे, तळही शाबूत आहे.

“सुतार काय म्हणतो?”

“सुतार म्हणतो, लाकूड मिळाले तर तीन आठवड्यांत पाण्यात लोटू.”

म्हणजे होडी मोडली होती, पण संपली नव्हती. वाचकहो, या दोहोंत कचेरीच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. परवाना माणसाला मिळतो हे खरे, पण तो एका विशिष्ट, नोंदलेल्या नौकेसाठी मिळतो. नौकाच नष्ट झाली असे मालकाने स्वतःच्या सहीने लिहून दिले, तर नूतनीकरण कशाचे करायचे? अशा वेळी जुन्या नौकेची नोंद रद्द होते, आणि नव्या नौकेसाठी बांधणीच्या परवानगीपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. दुःखाच्या भरात लिहिलेला ‘चुराडा’ हा एक शब्द त्याला त्या वाटेला नेऊन सोडणार होता.

तो म्हणाला, “पण साहेब, नुकसान कमी लिहिले तर भरपाईही कमी मिळेल.” ही शंका रास्त होती. आपत्तीच्या वेळी मिळणारी मदत केंद्राने ठरविलेल्या निकषांवर बेतलेली असते. त्या वेळी लागू असलेल्या निकषांत अंशतः मोडलेल्या होडीच्या दुरुस्तीस ४,१०० रुपये, तर पूर्ण नष्ट झालेल्या होडीस ९,६०० रुपये होते. फाटलेल्या जाळ्यास २,१०० आणि नष्ट झालेल्या जाळ्यास २,६०० रुपये. (२०२२ पासून हे आकडे होडीसाठी ६,००० आणि १५,००० रुपये असे वाढविण्यात आले.) राज्य सरकार मोठ्या वादळानंतर यात आपली भर घालते. तरीही हिशेब करून पाहा. ‘अंशतः’ आणि ‘पूर्ण’ यांत फरक काही हजारांचा. तेवढ्यासाठी चालती होऊ शकणारी होडी कागदावर बुडविली, तर सगळा हंगाम जातो. शिवाय मदत कोणाच्या अर्जातील शब्दांवर ठरत नाही. ती पंचनाम्यावर ठरते. तलाठी आणि खात्याचा माणूस होडी पाहून जातात आणि फुटलेल्या फळ्या मोजतात. पंचनाम्यात ‘अंशतः’ आणि अर्जात ‘चुराडा’ असे दिसले, की अधिकाऱ्याच्या मनात पहिली शंका अर्जदाराविषयी येते. ११ जूनला पंचनामा झाला होता आणि त्यात अंशतः नुकसान असेच लिहिले होते. तेव्हा आम्ही ठरविले की भरपाईची व घराची मागणी या अर्जातून काढून टाकायची. तिची वाट तहसील कचेरीतून जाते आणि ती स्वतंत्र चाललेलीच होती. परवाना अधिकाऱ्याच्या अर्जास पंचनाम्याची फक्त प्रत जोडायची, आणि नुकसानीचे वर्णन पंचनाम्याशी शब्दाला शब्द जुळते ठेवायचे.

दुसरा प्रश्न मी सहजच विचारला होता. “नोंदणीच्या पुस्तकात इंजिनाचा जो क्रमांक आहे, तोच इंजिनावर आहे ना?”

“असेलच की.”

“असेल म्हणू नका. उद्या जाऊन वाचा.”

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनावरची पट्टी घासून पुसली, खडू चोळून अक्षरे उठविली आणि छायाचित्र पाठविले. शेजारी नोंदणीच्या दाखल्याचे छायाचित्र होते. पत्रे उडाले त्या रात्री ते कागद पत्र्याच्या पेटीत होते म्हणून वाचले होते. दोन्ही क्रमांक आम्ही एकेक आकडा करून ताडून पाहिले. ते जुळत नव्हते. तेव्हा त्याला आठवले की २०१८ साली जुने इंजिन निकामी झाल्यावर त्याने दुसरे घेतले होते आणि त्याची नोंद करून घेण्याचे राहून गेले होते. दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण पाहणी वरवर होत गेली. पण वादळानंतरची पाहणी वरवर होत नाही. मोडलेली होडी पाहायला आलेला माणूस इंजिनही पाहतो. नोंदीत एक इंजिन आणि होडीत दुसरे, असे आढळले म्हणजे नूतनीकरण थांबते. आणि ज्या इंजिनाच्या मानाने डिझेलचा कोटा ठरायचा, ते इंजिनच कागदावर नाही म्हणून डिझेलचेही थांबते.

जाळ्याविषयीही हेच. परवान्यात मासेमारीची पद्धत लिहिलेली असते. वाहून गेलेल्या जाळ्यांच्या जागी कोणी स्वस्तात दुसऱ्या प्रकारचे जाळे देऊ केले, तर ते घेण्याआधी परवाना उघडून पाहावा. भावाने पूर्वीचीच, म्हणजे त्याच्या परवान्यात लिहिलेली जाळी घ्यायचे ठरविले होते. ते एक वाक्य आम्ही अर्जात घातले.

आता डिझेलचा प्रश्न. आपण सारे त्याला अनुदान म्हणतो आणि तेथेच समजुतीचा घोटाळा होतो. महाराष्ट्रात डिझेलवर चालणाऱ्या मासेमारी नौकांना जे मिळते, तो कराचा परतावा आहे. डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. मच्छीमार पूर्ण किंमत देऊन डिझेल घेतो आणि त्यातील या कराचा भाग पुढे त्याला परत मिळतो. तो मिळण्यासाठी तो मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद असावा लागतो, संस्थेने पाठविलेल्या यादीत त्याची नौका मंजूर झालेली असावी लागते, ठरलेल्या कोट्याच्या आत खरेदी असावी लागते आणि खरेदीच्या दिवशी नौकेचा परवाना चालू असावा लागतो. संस्था बिले गोळा करून प्रस्ताव पाठविते, खाते तपासते, तरतूद आली म्हणजे रक्कम खात्यात जमा होते. याला महिने लागतात, कधी वर्षही उलटते.

भावाचाच हिशेब घ्या. त्याची होडी लहान, दोन सिलिंडरच्या इंजिनाची. दिवसाला सुमारे २० लिटर डिझेल लागते. महिन्याचे २४ दिवस धरले, तर ४८० लिटर. त्या महिन्याच्या अखेरीस लिटरचा भाव पाऊणशे रुपयांच्या वर गेला होता. म्हणजे महिन्याला ३६,००० रुपयांहून अधिक रक्कम आधी खिशातून जायची. परताव्याचा भाग लिटरमागे १२ रुपये आहे असे केवळ उदाहरणादाखल समजू. म्हणजे ५,७६० रुपये परत यायचे, आणि तेही केव्हातरी. इंजिनाच्या दुरुस्तीचा अंदाज ३५,००० रुपयांचा होता. तेव्हा ‘अनुदान ताबडतोब द्या, म्हणजे इंजिन दुरुस्त करतो’ हे वाक्य हिशेबातही बसत नव्हते आणि नियमातही. मी त्याला स्पष्टच सांगितले की परतावा ही मागे राहिलेली आपली रक्कम आहे. ती येईल तेव्हा जाळ्याच्या कर्जाला लावा, पण ऑगस्टचा संसार तिच्यावर मांडू नका. इंजिनासाठी संस्थेकडे किंवा बँकेकडे आताच बोला.

या डिझेलच्या मागणीत आणखी एक काटा होता. परवान्याची मुदत ३० एप्रिलला संपलेली होती. टाळेबंदीत कचेऱ्या बंद होत्या, बस बंद होती, त्यामुळे नूतनीकरणाला जाता आले नव्हते. ही अडचण खरी होती आणि ती लिहिण्यासारखीही होती. परंतु अर्जात मार्चबरोबर मे महिन्याच्या डिझेलचीही मागणी होती. म्हणजे परवाना नसताना मेमध्ये होडी समुद्रात गेली होती, हे तो आपल्याच हाताने लिहून देत होता. विचारल्यावर त्याने मान्य केले, “दोनदा गेलो होतो. घरात काही नव्हते.”

येथे मलाही क्षणभर थांबावे लागले. त्याला काय सांगावे? मी म्हणालो, “मेचे बिल परताव्यास पात्रच नाही, म्हणून ते मागू नका. जे मिळण्याजोगे नाही ते मागून काय साधणार? पण अर्जात ‘३० एप्रिलनंतर होडी समुद्रात नेली नाही’ असेही लिहू नका. आणि कोणी विचारले, तर आत्ता मला सांगितले तसेच सांगा.” तो म्हणाला, “विचारले तर सांगेन.” मार्चचे बिल मात्र परवान्याच्या मुदतीतले होते, ती मागणी त्याच्या हक्काची होती आणि ती आम्ही ठेवली.

इतके झाल्यावर अर्ज लिहायला अर्धा तासही लागला नाही. तो असा :

प्रति,
परवाना अधिकारी (मत्स्यव्यवसाय),
तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड.

दिनांक : २ जुलै २०२०

विषय : यांत्रिक मासेमारी नौकेच्या इंजिन बदलाची नोंद, परवान्याचे नूतनीकरण आणि डिझेल परताव्याच्या यादीत समावेश.

महोदय,

१. मी वर नमूद केलेल्या तालुक्यातील रहिवासी असून खालील नौकेचा मालक व मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद आहे. नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक, परवाना क्रमांक व संस्थेतील सभासद क्रमांक सोबतच्या तक्त्यात दिले आहेत.

२. माझ्या परवान्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. टाळेबंदीमुळे वाहतूक व कार्यालये बंद असल्याने मला मुदतीत अर्ज करता आला नाही.

३. ३ जून २०२० च्या चक्रीवादळात नौकेचे अंशतः नुकसान झाले. डाव्या बाजूच्या चार फळ्या फुटल्या, सुकाणू मोडले, इंजिनात खारे पाणी गेले, दोन जाळी वाहून गेली व एक फाटले. नाळ व तळ सुस्थितीत आहेत. ११ जून २०२० च्या पंचनाम्याची प्रत जोडली आहे. दुरुस्ती सुरू असून २५ जुलैपर्यंत नौका पाहणीसाठी तयार होईल.

४. २०१८ साली मी नौकेचे जुने इंजिन बदलले. त्याची नोंद नोंदणी दाखल्यात करून घेण्याचे माझ्याकडून राहून गेले, ही माझी चूक आहे. सध्याच्या इंजिनाचा क्रमांक, अश्वशक्ती, त्याच्या पट्टीचे छायाचित्र व खरेदीची पावती जोडली आहे. कृपया प्रथम ही नोंद करून घ्यावी.

५. त्यानंतर परवान्याचे नूतनीकरण व्हावे, ही विनंती. मासेमारीची पद्धत व जाळ्यांचा प्रकार पूर्वीच्या परवान्याप्रमाणेच राहील.

६. परवाना मिळाल्यावर माझ्या नौकेचे नाव संस्थेमार्फत येणाऱ्या चालू वर्षाच्या डिझेल परताव्याच्या यादीत घ्यावे. तसेच मार्च २०२० मधील खरेदीचा परतावा प्रलंबित आहे. ती बिले संस्थेने सादर केली आहेत.

७. पाहणीची तारीख कळविल्यास मी नौकेपाशी हजर राहीन. १ ऑगस्टपूर्वी पाहणी झाल्यास माझ्या व माझ्याकडील दोन खलाशांच्या कुटुंबांचा हंगाम वाचेल.

आपला विश्वासू,
(सही)

सोबत : नोंदणी दाखला, जुना परवाना, पंचनामा, इंजिनाची पावती व छायाचित्र, संस्थेचे शिफारसपत्र, आधार पत्राची प्रत, फी भरल्याची पावती.

आपण पाहाल की या अर्जात गरिबीविषयी एक शब्दही नाही. वहिनींना ते खटकले. त्या म्हणाल्या, “दया येईल असे काहीच नाही यात.” मी म्हटले, “दया येण्यासारखे सातव्या कलमात आहे. तीन घरांचा हंगाम आणि एक तारीख. अधिकाऱ्याला आपले काम त्या तारखेच्या आत करायचे आहे, एवढे त्यातून कळते.” मागण्यांचा क्रम आम्ही मुद्दाम तसा ठेवला होता. इंजिनाची नोंद झाल्याखेरीज परवाना नाही आणि परवान्याखेरीज डिझेल नाही. पहिल्या अर्जात डिझेल सर्वांत मोठ्या आवाजात मागितले होते, आणि ज्या खुंटीवर ते टांगायचे तिचा उल्लेख एका ओळीत उरकला होता.

अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला मी सांगितले होते. भावाला ते अवघड वाटले, कारण साहेबांपुढे शिक्का मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी त्याची समजूत होती. पण प्रत मिळाली. इंजिनाची पावती पावसाने पुसट झाली होती. ती विकणाऱ्याकडून पुन्हा लिहून घ्यावी लागली. यात आठ दिवस गेले.

पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाहणी झाली. इंजिनाच्या नोंदीविषयी अधिकाऱ्यांनी विचारपूस केली आणि चूक आधीच लिहून दिलेली असल्यामुळे ती नोंद करून घेतली. अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. होडीवर तांडेलासह तीन माणसे, आणि जीवरक्षक जाकिटे दोनच. तिसरे वादळात वाहून गेले होते. आम्ही फळ्या मोजल्या, क्रमांक ताडले, पण जाकिटे मोजायचे कोणालाही सुचले नाही. ते विकत आणून दाखवीपर्यंत ऑगस्टचा पूर्वार्ध गेला. परवाना हाती पडला तेव्हा हंगामाचे पहिले दोन आठवडे हुकले होते. कोळ्याच्या घरी त्या दोन आठवड्यांची किंमत काय असते, हे वहिनींच्या चेहऱ्यावरून मला कळत होते. मार्चचा परतावा पुढच्या वर्षी दिवाळीनंतर जमा झाला. मेच्या डिझेलचा विषय कोणी काढला नाही, आणि भावानेही तो मागितला नाही.

आज नौकेची नोंदणी आणि परवाना यांचे अर्ज ReALCRaft या संकेतस्थळावर भरले जातात. कागदाचा प्रवास त्यामुळे कमी झाला आहे. पण संगणकावरील रकाने तेच विचारतात : नौका कोणती, इंजिन कोणते, जाळे कोणते, माणसे किती. तेथे तर ‘चुराडा’ लिहायला जागाच नसते. चुकीचा क्रमांक भरला तर तो अर्ज फिरून परत येतो, आणि का परत आला हे समजून घ्यायला पुन्हा कोणीतरी वाचणारा लागतो.

म्हणून किनाऱ्यावर ज्यांची माणसे आहेत, त्यांनी मे महिन्यात, होडी वर ओढली जाते त्या सुमारास, एक काम करावे. घरच्या नाखव्याला घेऊन होडीपाशी बसावे. नोंदणीचा दाखला हातात धरून इंजिनाचा क्रमांक वाचावा, परवान्याची शेवटची तारीख पाहावी आणि जाकिटे मोजावीत. दाखल्याची, परवान्याची आणि पावत्यांची छायाचित्रे काढून ती गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातलगाकडे पाठवून ठेवावीत. वादळ आले तर ते किनाऱ्यावरच्या पेट्या भिजवील, सरोजिनीनगरच्या नाही.

भाऊ आता दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वहिनींना कागदांची छायाचित्रे पाठवितो. गेल्या खेपेस त्यांत सहा होड्यांचे कागद होते. उरलेले पाच कोणाचे, असे वहिनींनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “शेजाऱ्यांचे. त्यांची बहीण दिल्लीत नाही ना, ताई.”